एकच फोटो लिस्टिंगलाही आणि बोर्डलाही? या चुका टाळा

मुलुंडमधल्या वन बीएचकेचा हॉल, १० बाय १६ फूट. इंटीरियरचं काम संपलं की दाराच्या कोपऱ्यातून मोबाइलच्या ०.५x लेन्सने एक आडवा फोटो निघतो. तोच ब्रोकरकडे जातो आणि तोच क्लायंटला दाखवायच्या ए२ बोर्डवरही बसतो. फसतो मात्र दोन्हीकडे.

लिस्टिंग बघणाऱ्याला हॉलची ठेवण कळायला हवी: दार कुठे, खिडकी कुठे, सोफ्यापुढे चालायला जागा उरते का. त्यामुळे फ्रेम आडवी ४:३, दोन भिंती आणि जमीन दिसेल अशी. मोबाइल छातीच्या उंचीवर, साधारण ४ फुटांवर, अगदी सरळ धरा. खाली झुकवला की भिंती तिरक्या दिसतात. खरी गडबड यादीतल्या छोट्या चित्रात होते. तिथे फोटो १६:९ मध्ये कापला गेला, तर ४:३ च्या उंचीतला चौथा हिस्सा जातो, म्हणजे वरून आठवा आणि खालून आठवा. फॉल्स सीलिंग आणि टाइल्स नेमक्या त्याच पट्ट्यांत असतात. तेवढी जागा वर-खाली मोकळी सोडूनच फ्रेम लावा. जमेल तर पॅसेजमध्ये मागे सरकून १x वापरा. ०.५x लागलाच, तर सोफा कडेला येऊ देऊ नका. कडेची वस्तू ताणली जाते आणि घर बघायला आलेला माणूस दारातच म्हणतो, "फोटोत मोठं वाटलं होतं."

बोर्डवर हेच ताणणं जास्त महागात पडतं. क्लायंट फोटो ड्रॉइंगशी ताडून बघतो. कडेला आलेलं टीव्ही युनिट रुंद दिसलं की विचारणारच, "ठरलं होतं त्यापेक्षा मोठं केलंत का?" बोर्डसाठी एकच भिंत घ्या, समोरासमोर उभे राहून, १x किंवा २x वर.

आणि आधी बोर्डवरची चौकट ठरवा, मग फोटो काढा. समजा चौकट उभी ४:५ आहे, २०० बाय २५० मिमी. ४००० बाय ३००० पिक्सेलच्या आडव्या फोटोतून उभा तुकडा कापला, तर २४०० बाय ३००० उरतात. छपाईला ३०० डीपीआय जेमतेम मिळतात, पण ताणलेला आकार काही सुधारत नाही. मोबाइल उभा धरून काढला, तर त्याच चौकटीला ३८० च्या आसपास मिळतात.

हाच आडवा फोटो व्हॉट्सअॅपवरून १६०० बाय १२०० होऊन आला असेल, तर कापल्यावर रुंदी ९६० उरते, म्हणजे १२२ डीपीआय. स्क्रीनवर छान दिसतो, छापल्यावर लॅमिनेटची रेघ पुसट होते. फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा आणि प्रिंटला देण्याआधी १०० टक्क्यांवर मोठी करून ती रेघ बघा.