आईचं बोट ॲड केलं आणि बँकेचं ॲप अडलं

परवा ऐरोलीला घरी आईचा अंगठा माझ्या अँड्रॉइड फोनमध्ये ॲड केला, आणि संध्याकाळी ठाणे स्टेशनवर बँकेचं ॲप उघडायला गेलो तर फिंगरप्रिंट चालेचना. फोनचं लॉक मात्र त्याच बोटाने पटकन उघडत होतं, म्हणजे सेन्सर ठीक होता. आईचा अंगठा डिलीट करून पाहिला, तरी तेच.

कारण असं की ॲपकडे आपलं बोट नसतंच, फिंगरप्रिंट लॉगिन चालू करताना फोनच्या कीस्टोअर नावाच्या सुरक्षित कप्प्यात एक की, म्हणजे गुप्त डिजिटल किल्ली, बनते आणि बोट जुळलं की ती की वापरायला मिळते. नवीन बोट ॲड झालं की अँड्रॉइड ती की कायमची रद्द करतं, नाहीतर तुमच्या फोनचा पिन माहीत असलेला कुणीही स्वतःचं बोट घालून खात्यात शिरेल. म्हणूनच बोट काढूनही ती परत येत नाही.

मी एमपिनने लॉगिन केलं, सेटिंगमध्ये फिंगरप्रिंट बंद करून पुन्हा चालू केलं, नवीन की बनली, झालं. पण आईचं बोट ठेवून हे केलं असतं तर तिच्या बोटानेही ॲप उघडलं असतं, कारण कुठलं बोट कुणाचं हे ॲपला कळत नाही.