दुबईला पहिल्यांदा कामाला निघताना गावापासून विमानापर्यंत होणाऱ्या या चुका टाळा

बार्शीजवळच्या गावातला एक गवंडी डोळ्यांसमोर धरू. शाळा नववीपर्यंत, पासपोर्ट नवा, दुबईतल्या बांधकाम कंपनीत काम ठरलेलं. तिकीट आहे मुंबईहून 14 मार्चचं, रात्री 02:30 चं. त्याच्या वाटेवर ज्या ज्या ठिकाणी माणसं अडतात, तेवढ्याच गोष्टी इथे क्रमाने पाहू.

व्हिसा कशाचा आहे ते न वाचणं

सगळ्यात महागात पडणारी चूक घरीच होते. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर बहुधा ईसीआरची, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी लागेल अशी नोंद असते. आई-वडिलांची नावं आणि पत्ता असतो त्या शेवटच्या पानावर ती पाहा. अशा पासपोर्टवर यूएई, सौदी, कतार, ओमान, कुवेत, बहरीन यांसारख्या देशांत नोकरीला जाताना भारत सरकारची वेगळी परवानगी लागते. ती emigrate.gov.in वर निघते. नोकरीचा व्हिसा, सही झालेला करार आणि प्रवासी भारतीय बिमा योजनेचा विमा असल्याशिवाय ती मिळत नाही. त्या विम्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाखांचं संरक्षण असतं, म्हणजे तो नुसता कागद नाही.

काही एजंट हा फेरा टाळायला टूरिस्ट व्हिसा हातात ठेवतात आणि सांगतात, "विचारलं तर फिरायला चाललोय म्हणा, तिकडे गेल्यावर बदलून देतो." मुंबई विमानतळावर पासपोर्ट-व्हिसा तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर हे टिकत नाही. हातावर सिमेंटचे घट्टे, हॉटेलचं नाव माहीत नाही, खिशात खर्चायला पैसे नाहीत. दोन प्रश्नांत सगळं उघडं पडतं आणि माणसाला तिथूनच परत पाठवतात. यालाच ऑफलोड म्हणतात. तिकिटाचे पैसे तर जातातच. आणि चुकून पलीकडे पोहोचलात, तरी टूरिस्ट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे. पगार बुडाला तर तक्रार करतानाही तुमचीच बाजू लंगडी पडते.

म्हणून व्हिसाच्या कागदावर नोकरीचा प्रकार, कंपनीचं नाव आणि तुमचं काम लिहिलंय का ते इंग्रजी येणाऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. एजंटचा परवाना क्रमांक मागा आणि तो त्याच संकेतस्थळावर तपासा. परवानाधारक एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावतीवर. पावती द्यायला जो कुरकुरतो त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

रात्री बारानंतरची तारीख चुकणं

तिकिटावर 14 मार्च, 02:30 आहे. गावाकडे आपण म्हणतो "चौदा तारखेच्या रात्रीचं विमान". त्या हिशोबाने गवंडी 14 तारखेला जेवून निघाला, तर विमान जवळपास अख्खा दिवस आधी गेलेलं असतं. 02:30 म्हणजे 13 तारीख संपल्यावरचे अडीच तास. विमानतळावर 13 तारखेच्या रात्री साडेदहापर्यंत पोहोचायचं आणि बार्शीहून 13 तारखेच्या सकाळीच निघायचं. एसटीला आठ-नऊ तास धरा, घाट आणि मुंबईतली वाहतूक वेगळी. तिकिटावर पेनाने लिहूनच ठेवा: "13 ला सकाळी घर सोडणे."

बरीच आंतरराष्ट्रीय विमानं मुंबईच्या टर्मिनल 2 वरून सुटतात, तरी तिकिटावरचा टर्मिनल पाहूनच रिक्षा-टॅक्सीवाल्याला सांगा. सामान घेणारा काउंटर विमान सुटायच्या साधारण तासभर आधी बंद होतो. मग विमान डोळ्यांसमोर उभं असलं तरी उपयोग नाही.

बॅगेत घरचा मसाला

इथे जरा थांबावं लागेल, कारण ही चूक प्रेमापोटी होते. आई किंवा बायको घरचा मसाला डब्यात भरून देते आणि त्यात खसखस असते. यूएईमध्ये खसखस बंदी असलेल्या पदार्थांत धरली जाते, कारण ती अफूच्या झाडाची. "आमच्या जेवणातली आहे" हे सांगून सुटका होईलच असं नाही. मसाला न्यायचाच असेल तर खसखस न घालता वेगळा कुटून घ्या. गुटखा आणि विड्याची पानंही घरीच राहू द्या.

औषधांचंही तसंच. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं आणि अंगदुखीच्या काही गोळ्यांत ट्रॅमाडॉल. दोन्ही तिथे नियंत्रित आहेत. रोजची गोळी लागत असेल तर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी आणि मूळ पाकीट सोबत ठेवा. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेलं औषध न्यायचं असेल तर आधी तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी काढा. आणि विमानतळावर कुणी "माझ्या भावाला एवढी पुडी द्या" म्हणालं, गाववाला असला तरी, तर हात जोडा. पिशवीतलं सगळं तुमचंच मानलं जातं.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत भरू नका. तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून तपासणीत काढून टाकतात. पॉवर बँकही मोठ्या बॅगेत चालत नाही, ती जवळच्या पिशवीत ठेवावी लागते. लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत, दोन प्लास्टिक पिशव्यांत घट्ट बांधून. वजनाची मर्यादा तिकिटावर असते, ती घरीच ताणकाट्याने मोजा. काउंटरसमोर बॅग उघडून चादरी बाहेर काढणारे रोज दिसतात.

विमानतळावर कागद पिशवीच्या तळाशी

दारावर जवान पासपोर्ट आणि तिकीट पाहतो. मग विमान कंपनीचा काउंटर. तिथे मोठी बॅग जाते आणि बोर्डिंग पास मिळतो, त्यावर बॅगेची छोटी चिकटपट्टी असते. ती फेकू नका, दुबईत बॅग आली नाही तर तीच पुरावा. पुढे इमिग्रेशन, म्हणजे पासपोर्ट-व्हिसाची सरकारी तपासणी, मग अंगझडती, शेवटी विमानात चढायचं गेट.

पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा आणि ईसीआर परवानगीची छापील प्रत एका पारदर्शक फोल्डरमध्ये गळ्यात किंवा हातात ठेवा. इमिग्रेशनचे प्रश्न साधे असतात: कुठे चाललात, कोणतं काम, कंपनी कोणती, पगार किती. करारात लिहिलंय तेच सांगा. हिंदीत उत्तर दिलंत तरी चालतं. एजंटने पाठ करून घेतलेलं उत्तर आणि कागदावरचं उत्तर जुळलं नाही, की संशय येतो.

गेटचा क्रमांक बदलू शकतो, म्हणून पडद्यावर पुन्हा एकदा बघा. गेट विमान सुटायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद होतं. झोप अनावर झाली तर शेजाऱ्याला सांगून ठेवा, कारण प्रत्येक प्रवाशाच्या नावाने आरोळी येत नाही.

उतरल्यावर

दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. कंपनीचा माणूस न्यायला येणार असेल तर त्याचा नंबर मोबाईलमध्ये असेलच, कागदावरही लिहून ठेवा, बॅटरी संपते. पासपोर्ट कंपनीने मागितला तर व्हिसाच्या कामासाठी तात्पुरता द्यावा लागतो, पण तो कायम ताब्यात ठेवणं तिथल्या कायद्यालाही मान्य नाही. अडचण आली तर भारतीयांसाठी 800 46342 हा तिथला मोफत क्रमांक आहे.

आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा: यूएईमध्ये व्हॉट्सॲपवर संदेश जातो, पण कॉल सहसा लागत नाही. पहिल्या दिवशी "फोन लागत नाही" म्हणून घरात रडारड होते ती यामुळेच. "पोहोचलो" एवढं लिहून पाठवलं की काम होतं.