कॅरमचा पहिला ब्रेक: स्ट्रायकर दीड बोट नव्हे, दीड स्ट्रायकर उजवीकडे

गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडळात कॅरमच्या मॅचेस होतात. बेळगावात सप्टेंबरपर्यंत पाऊस हटत नाही, त्यामुळे मैदानी खेळ बंद आणि मंडळाच्या खोलीत दोन बोर्डांभोवती गर्दी. काही वर्षांपूर्वी सेमी फायनलला मी टॉस जिंकलो, ब्रेक घेतला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून हाणला. सोंगट्या चारी दिशांना उधळल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या, पण एकही पॉकेटात गेली नाही. समोरच्याने शांतपणे पावडर झटकली आणि त्याच पाळीत राणीसकट नऊच्या नऊ काळ्या घातल्या. ब्लॅक स्लॅम. मला दुसरा स्ट्रोक मिळालाच नाही.

मागे खिडकीत बसलेले एक अण्णा, घरी कन्नड बोलणारे, एवढंच म्हणाले, "सावकाश मारायचं की ओ." सावकाश हा शब्द आमच्याकडे मराठीतही आहे आणि इकडच्या कन्नडातही, त्यामुळे समजलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. पण सावकाश म्हणजे किती, आणि कुठून, हे कळायला मला दोन पावसाळे लागले. ते इथे लिहितो. सिंगल्सचा, काळ्या-पांढऱ्याचा खेळ धरून चाललोय. ब्रेक करणाऱ्याच्या पांढऱ्या.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा

आपल्याला सोप्या कुठल्या सोंगट्या? ज्या आपल्या बेस लाइनपासून लांब, समोरच्याच्या बाजूला पडल्यात त्या. आपण पुढे मारतो, त्यामुळे समोरची दोन पॉकेटं आपली हक्काची. त्याच सोंगट्या समोरच्याला मात्र त्याच्या पोटाशी, बेस लाइनच्या आसपास किंवा मागे असतात. त्याला रिबाउंड घ्यावा लागतो किंवा अगदी पातळ कट. उलट आपल्या बाजूला पडलेली काळी ही त्याला ताटात वाढलेली असते.

म्हणजे ब्रेकमधून सोंगट्या पुढे जायला हव्यात आणि तिथेच राहायला हव्यात. दणदणीत ब्रेक नेमका इथे फसतो. सोंगट्या पुढे जातात, समोरच्या कडेला आपटतात आणि त्याच वेगाने परत आपल्या पुढ्यात येतात. माझ्या त्या ब्रेकनंतर पाच काळ्या माझ्या अर्ध्या बोर्डात होत्या. ब्लॅक स्लॅम त्याने मारला खरा, पण मांडून मी दिला होता.

मांडणी: घड्याळ समजा

सोंगट्या लावायचं काम ब्रेक करणाऱ्याचं, आणि बरेच जण ते घाईत उरकतात. मध्ये राणी, तिच्याभोवती सहा एकाआड एक, त्याबाहेर बारा एकाआड एक, आणि आतल्या प्रत्येक पांढरीच्या मागे बाहेर पांढरी, म्हणजे पांढऱ्यांचा इंग्रजी वाय दिसतो. नीट बघितलंत तर सगळा आकार गोल नसून षटकोन आहे आणि त्याची सहाही टोकं पांढरी आहेत. हे आपल्या फायद्याचं आहे.

आता बोर्ड हे घड्याळ समजा. समोरचा खेळाडू बारावर, आपण सहावर. बहुतेक जण वायची दांडी बरोबर सहावर ठेवतात. तुम्ही ती किंचित उजवीकडे, साडेपाचवर वळवा. आपोआप उरलेले दोन हात दीडवर आणि साडेनऊवर जातात. दीड म्हणजे कुठे? बरोबर समोरच्या उजव्या पॉकेटाच्या दिशेला.

वळवून झालं की दोन्ही हातांनी चहूबाजूंनी दाबून घ्या आणि वाकून बघा, सोंगट्यांमध्ये फट राहिली का. हा ब्रेक धक्का एका सोंगटीतून दुसरीत जाण्यावर चालतो. उजव्या बाजूला एक केसाएवढी फट राहिली तरी धक्का तिथेच अर्धा मरतो आणि मग आपण म्हणतो, आज बोर्ड नीट नाही.

स्ट्रायकर कुठे आणि रोख कुठे

स्ट्रायकर बेस लाइनच्या मधोमध ठेवा, मग उजवीकडे दीड स्ट्रायकर सरकवा. स्ट्रायकर सव्वाचार सेंटीमीटरच्या आत असतो, म्हणजे सरकवायचं अंतर सहा-साडेसहा सेंटीमीटर. टेपची गरज नाही, स्ट्रायकरनेच मोजायचं. दोन्ही रेषांना तो टेकलेला असला पाहिजे, हे विसरू नका.

इथून बघितलं तर स्ट्रायकर, साडेपाचवरची पांढरी, तिच्या मागची पांढरी आणि राणी एका रेषेत दिसतील. दिसत नसतील तर स्ट्रायकर नखभर इकडेतिकडे करा. रेषा जुळणं महत्त्वाचं, सेंटीमीटर नाही. रोख राणीच्या मधोमध. सोंगट्यांचा ढीग स्ट्रायकरपासून वीतभरही लांब नसतो, त्यामुळे नेम चुकायचं कारण नाही. चुकतो तो जोर लावताना बोट वाकडं होऊन.

टोकाच्या पांढरीला धक्का बसला की तो तीन वाटांनी जातो. एक सरळ मध्यातून, राणीला घेऊन, पलीकडच्या टोकाला. दुसरा उजव्या कडेच्या रांगेतून: साडेपाचची पांढरी, मधली काळी आणि साडेतीनची पांढरी. रांगेत शेवटची जी असते ती सुटते, म्हणून साडेतीनची पांढरी निघते आणि तिची दिशा असते दीडची. ती थेट पॉकेटात जात नाही, कारण ती मध्यापासून बाजूला उभी होती; उजव्या कडेला कोपऱ्याच्या थोडं अलीकडे लागते, तिथून समोरच्या कडेला आणि वेग बरोबर असेल तर कोपऱ्याशीच थांबते. आपल्याला हक्काची, त्याला त्रासाची. तिसरा धक्का डाव्या रांगेतून जातो आणि साडेसातची पांढरी जवळजवळ आडवी, डाव्या कडेला जाते. ती फार कामाची नाही, पण नुकसानही करत नाही.

काळ्यांचं काय? बाहेरच्या वर्तुळातल्या काळ्या टोकांच्या मध्ये असतात. त्या धक्का पुढे देतात आणि स्वतः थोड्याच हलतात, विशेषतः आपल्या बाजूच्या. एक-दोन काळ्या मध्यभागी, राणीच्या आजूबाजूला अर्धवट अडकून राहतात. हे वाईट वाटतं, पण मला ते हवंच असतं: गर्दीतली काळी काढायला समोरच्याला आधी गर्दी फोडावी लागते.

जोर: रिकाम्या बोर्डावर मोजा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. मॅचच्या आधी बोर्ड रिकामा असताना बेस लाइनवरून स्ट्रायकर सरळ समोर मारा. तो समोरच्या कडेला लागून परत यावा, आपल्या कडेला लागावा आणि पुन्हा पुढे जाऊन मध्याच्या लाल गोलाच्या आसपास थांबावा. तेवढाच जोर ब्रेकला. पाच-सहा वेळा मारा, बोटाला लक्षात राहतो. स्ट्रायकर जेमतेम परत येऊन थांबला तर कमी, दुसऱ्यांदा समोरच्या कडेला पोहोचला तर जास्त.

हा जोर बोर्डावर ठरतो, तुमच्या मनावर नाही. जूनपासून खानापूरकडे गेलात तर लाकूड दमट, पावडर चिकटते, तोच स्ट्रोक मध्यापर्यंतही पोहोचत नाही. तिथे थोडा वाढवावा लागतो. जानेवारीत निपाणी-चिकोडीकडच्या कोरड्या हवेत बोर्ड इतका पळतो की आमचा पावसाळी हात लावला तर सगळं परत पुढ्यात. म्हणून परक्या बोर्डावर हा रिकामा स्ट्रोक मी कधीच चुकवत नाही, लोक हसले तरी.

ब्रेकनंतर बघायचं काय

पांढरी गेली तर पाळी आपलीच, मग हा भाग सोडा. नाही गेली तर समोरचा खेळायच्या आत दोन गोष्टी बघून ठेवा, पुढच्या ब्रेकला उपयोगी पडतात.

आपल्या अर्ध्या बोर्डात किती काळ्या मोकळ्या पडल्यात? एक-दोन ठीक. चार झाल्या तर जोर जास्त झाला. आणि मधल्या मोठ्या वर्तुळाच्या बाहेर एकूण किती सोंगट्या गेल्या? मांडलेला ढीग या वर्तुळात जेमतेम मावतो, त्यामुळे मोजणं सोपं. माझा अंदाज आठ ते दहाचा. चार-पाचच बाहेर गेल्या तर आपण नुसतं दार ढकललं. समोरचा ते त्याच्या सोयीने उघडणार, आणि आपल्या ब्रेकचा फायदा त्याला.

उजवीकडची पांढरी कोपऱ्याकडे न जाता जागीच राहिली तर जोराला दोष देऊ नका. बहुतेक वेळा स्ट्रायकर साडेपाचच्या पांढरीला मधोमध न लागता उजवीकडून लागलेला असतो आणि शेजारच्या काळीलाही घासलेला असतो. ती काळी मग आपल्या उजव्या कडेशी सापडते. हा पुरावा दिसला की पुढच्या वेळी स्ट्रायकर केसभर डावीकडे.

डावखुरे असाल किंवा उजव्या हाताने डावीकडून मोकळं वाटत असेल तर सगळं आरशात बघा: दांडी साडेसहावर, स्ट्रायकर दीड स्ट्रायकर डावीकडे, पांढरी समोरच्या डाव्या कोपऱ्याकडे.

जोडीच्या खेळात मात्र मी शक्यतो उजवीकडूनच ब्रेक करतो. तिथे आपल्यानंतर पाळी उजवीकडच्याची. त्याला सोपी ती पॉकेटं, जी त्याच्या समोर म्हणजे आपल्या डाव्या हाताला असतात, आणि उजवीकडे गेलेल्या सोंगट्या त्याच्या पोटाशी जातात. डावीकडून ब्रेक केला तर आपणच त्याच्यासमोर सोंगट्या नेऊन ठेवतो. तरीही मंडळात निम्मे लोक जोडीत डावीकडून फोडतात, कारण त्या बाजूला ट्यूबलाइट आहे आणि सोंगट्या नीट दिसतात.