रुब्रिकमध्ये ‘म्हणी-वाक्प्रचार’ लिहिण्याआधी : या चुका टाळा

निबंध तपासायच्या निकषांच्या आणि गुणांच्या तक्त्यात, म्हणजे रुब्रिकमध्ये, ‘म्हणी, वाक्प्रचार व अलंकारांचा समर्पक वापर : 3 गुण’ ही ओळ इतकी सरावाची झाली आहे की ती लिहिताना कुणाचा हात थबकत नाही. मुंबईत तरी तो थबकायला हवा. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. त्यामुळे एकाच वर्गात घरी हिंदी, उर्दू, गुजराती किंवा तमिळ बोलणारी मुलं असतात. घरी आगरी-कोळी किंवा मालवणी बोलणारी मुलंही त्याच बाकांवर असतात. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही म्हण आजीच्या तोंडून ऐकलेलं मूल आणि आड-पोहरा दोन्ही न पाहिलेलं मूल यांच्यात त्या 3 गुणांनी नेमकं काय मोजलं? लेखन की आजी?

एक नमुना घेऊ. इयत्ता आठवी, विषय ‘पावसाळ्यातील एक दिवस’, एकूण 10 गुण. आशय 4 (‘निसर्गसौंदर्याचे वर्णन’), मांडणी 2, भाषा 3 (‘म्हणी, वाक्प्रचार, अलंकार’), शुद्धलेखन 1.

पहिलं मूल लिहितं : ‘वरुणराजाचे आगमन झाले. धरणीमातेने हिरवा शालू परिधान केला. मातीचा सुगंध दरवळला. सगळ्यांची तारांबळ उडाली.’ हे बहुतेक गाइडमधून आलेलं आहे.

दुसरं मूल नाल्याकाठच्या वस्तीतलं. ते लिहितं : ‘भरती साडेबाराची होती म्हणून आईने अकरालाच तांदूल पोटमाल्यावर ठेवले. नाल्याचं पानी उलट आलं. आधी मोरीतून आलं, मग दारातून. मी बहिणीला पाटीवर बसवलं.’

जुन्या रुब्रिकने पहिल्याला आशय 3, मांडणी 2, भाषा 3, शुद्धलेखन 1, म्हणजे 9 मिळतात. दुसऱ्याला 2, 2, 1 आणि 0, म्हणजे 5. तपासणाऱ्याने कुठेही अन्याय केलेला नाही, त्याने रुब्रिक तंतोतंत पाळलं आहे. म्हणूनच दोष शोधायचा तो रुब्रिकमध्ये. आता 4 गुणांची दरी ओळीओळीने उकला. एक गुण ‘सौंदर्य’ या शब्दाने खाल्ला, कारण घरात पाणी शिरण्यात सौंदर्य नसतं. दोन गुण म्हणींच्या ओळीने खाल्ले. उरलेला एक बोलीच्या उच्चाराने गेला. भरतीच्या वेळी समुद्राचं पाणी चढतं, नाल्यांतलं पाणी बाहेर पडत नाही आणि मागे फिरतं. हे त्या मुलाने पाहून, वेळेसकट लिहिलं, पण त्यासाठी तक्त्यात जागाच नव्हती.

इथे घाईत असलेली मंडळी वरवरची डागडुजी करतात. आक्षेप आला की ‘म्हणी’ हा शब्द खोडतात आणि ‘प्रभावी व समृद्ध भाषा’ असं लिहितात. ही चूक पहिलीपेक्षा वाईट आहे. आधी निदान दिसत होतं की म्हणींना गुण आहेत. आता ‘समृद्ध’ म्हणजे काय हे प्रत्येक तपासणारा आपापल्या घरच्या मराठीवरून ठरवतो, आणि वरुणराजाला पुन्हा पूर्ण 3 मिळतात. दुसरी पळवाट म्हणजे मुलांना वीस म्हणींची यादी पाठ करून देणं. मग निबंधात म्हणी चिकटवलेल्या दिसतात, ‘समर्पक’ हा शब्द कुणी तपासत नाही आणि दरी होती तिथेच राहते.

ओळ बदलायची तर काय दिसायला हवं ते लिहा. आम्ही सुचवतो ती ओळ अशी : ‘प्रसंग वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभा राहील असे नेमके शब्द. ते म्हणीतून, उपमेतून, बोलीतल्या शब्दातून किंवा साध्या वाक्यातून आले तरी चालतील.’ आशयाच्या ओळीतून ‘सौंदर्य’ काढून ‘काय घडले ते क्रमाने व तपशिलाने’ असं करा. या तक्त्याने पहिल्याला आशय 2, मांडणी 2, भाषा 1 आणि शुद्धलेखन 1, म्हणजे 6 मिळतात. दुसऱ्याला 4, 2, 3 आणि अर्धा, म्हणजे साडेनऊ. गच्चीतून पाऊस बघणाऱ्या मुलालाही हे गुण मिळू शकतात, फक्त त्याने काय बघितलं ते लिहायला हवं. शोभून दिसणारी म्हण वापरणाऱ्याचाही एक गुण कमी होत नाही.

म्हणी तपासायच्याच नाहीत असं आमचं म्हणणं नाही. वर्गात शिकवलेल्या म्हणींवर वेगळा प्रश्न काढा, अर्थ सांगायला लावा, वाक्यात उपयोग विचारा. जे शिकवलं ते विचारणं रास्त आहे. न शिकवलेलं घरून आणलं म्हणून बक्षीस देणं रास्त नाही.

रुब्रिक झुकतं आहे की तपासणारा, हे ओळखायला एक चाचणी पुरते. दुसऱ्या मुलाच्याच निबंधाची दुसरी प्रत तयार करा. घटना त्याच, क्रम तोच, फक्त भाषा प्रमाण करा आणि ‘नाकी नऊ आले’सारखे दोन वाक्प्रचार घाला. दोन्ही प्रती नावाशिवाय, एकाच अक्षरात, चार शिक्षकांना द्या. एकाच शिक्षकाला दोन्ही लागोपाठ देऊ नका, मध्ये दहा-बारा इतर उत्तरपत्रिका असू द्या. चौघांच्याही गुणांत सारखाच फरक आला तर ओळ दोषी. फक्त एकाच्या गुणांत आला तर त्या शिक्षकाशी बोलायचं आहे. आशयाच्या रकान्यात फरक आला तर अधिक गंभीर, कारण आशय बदललेलाच नव्हता आणि भाषेची छाप तिथे सांडली आहे. चार जणांवरून शाळेचं धोरण ठरवू नये, पण कोणती ओळ पुन्हा लिहायची एवढं नक्की कळतं.

शुद्धलेखनाचं एकच सांगायचं आहे : चुका मोजू नका, चुकांचे प्रकार मोजा. आगरी-कोळीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो. ‘पानी’ सहा वेळा आलं तर ती सहा चुका नव्हेत, एक प्रकार आहे. वरच्या मुलाचे दोन प्रकार होतात, म्हणून अर्धा गुण दिला. प्रमाण लेखन हवंच असेल तर ते या एका ओळीत उघडपणे मागा. त्याच ‘पानी’साठी शुद्धलेखनात, भाषेत आणि ‘एकूण छाप’मध्ये असे तीनदा गुण कापले जातात, आणि ही चूक तक्त्यात राहू देऊ नका.

‘माझ्या मामाचे गाव’ हा विषय सक्तीचा ठेवू नका, पर्याय द्या, कारण प्रत्येक मुलाच्या मामाला गाव असतंच असं नाही.

‘मी पोहायची चेष्टा केली’ हे हिंदीतून आलेलं आहे, तिथे चेष्टा म्हणजे प्रयत्न. गुण भाषेत कापा, आशयात नको.

नमुना उत्तरं निवडताना ‘उत्तम’ म्हणून जोडलेली तिन्ही उत्तरं गाइडच्या सुरातली असतील, तर रुब्रिकचे शब्द कितीही बदला, तपासणारे नमुन्यालाच मानतात. निदान एक ‘उत्तम’ नमुना साध्या वाक्यांचा आणि एक बोलीतले शब्द असलेला ठेवा. ‘मध्यम’मध्ये म्हणींनी भरलेला पण आत काहीच नसलेला एक निबंध मुद्दाम घाला आणि त्याला मध्यम का म्हटलं ते दोन ओळींत खाली लिहा. हे नमुने तपासणी सुरू होण्याआधी वाटायचे असतात. निम्मा गठ्ठा तपासून झाल्यावर ते हाती पडले, तर वरच्या निम्म्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासाव्या लागतील.