ह-स-ल पासून महसूल: अरबी शब्दखेळाची तयारी

अरबीच्या पहिल्या वर्गात तीन व्यंजनांचं मूळ आणि एक साचा देऊन शब्द ओळखायला लावायचा असेल, तर बहुतेक काम आदल्या दिवशीच करावं लागतं. सर्वांत आधी मुळं निवडा. पाच-सहा पुरेत, आणि निदान दोन अशी घ्या की ज्यांचे शब्द मराठी मुलांच्या कानांवर आधीच पडलेले आहेत. माझी पहिली पसंती ह-स-ल या मुळाला. फळ्यावर तीन साचे लिहा. एकात पहिल्या व्यंजनाला काना आणि दुसऱ्याला ऱ्हस्व इकार, दुसऱ्यात आधी ‘म’ आणि मधल्या व्यंजनाला दीर्घ ऊकार, तिसऱ्यात आधी ‘त’ आणि मधल्याला दीर्घ ईकार. मुलं व्यंजनं बसवत जातात आणि हासिल, महसूल, तहसील हे शब्द हाती येतात. तलाठ्याच्या कचेरीतले शब्द एकाच घरातले निघाले की वर्ग जागा होतो. मग पहिल्या दोन साच्यांत क-त-ब घालायला सांगा: कातिब म्हणजे लिहिणारा, मकतूब म्हणजे लिहिलेलं.

मुळात ‘व’ किंवा ‘य’ असेल तर ते पहिल्या दिवशी बाजूला ठेवा. क-व-ल पासून मुलं नियमाने ‘काविल’ म्हणतील, खरा शब्द मात्र ‘काइल’ आहे. नियम पाळूनही चुकलं की मुलं अंदाज बांधणंच सोडतात. स्थळाच्या साच्यालाही जपा. ‘मकतब’ सरळ येतो, पण ज-ल-स पासून अरबीत ‘मजलिस’ होतो, ‘मजलस’ नाही. आपल्याकडे मजलस रुळलेला असल्यामुळे मुलं तोच सांगणार. स-ज-द पासूनही ‘मसजिद’च. म्हणून हे दोन्ही शब्द वेगळ्या कार्डांवर लिहा आणि शेवटच्या फेरीसाठी राखा.

कार्डांवर मूळ अरबी लिपीत हवंच. देवनागरीत एकच ‘ज’ अरबीच्या अनेक अक्षरांचं काम करतो. नजर (ن ظ ر) आणि नजराणा (ن ذ ر) सख्खे वाटतात, पण मुळं वेगळी. नाझर आणि मंजूर मात्र नजरेच्याच घरातले. अर्थ लिहिताना अरबीतला आणि मराठीतला वेगळा लिहा: अरबीत ‘मंजूर’ म्हणजे पाहिलेलं, मान्य झालेलं हा आपल्याकडचा अर्थ.

शेवटी उत्तरांचा कागद. प्रत्येक मूळ प्रत्येक साच्यात बसवून मुळांच्या क्रमाने लावलेल्या शब्दकोशात पाहा. हान्स वेहरचा कोश तसाच आहे. साचा बरोबर पण शब्द वापरात नाही, अशा उत्तराला अर्धा गुण द्यायचा हे आधीच ठरवून कागदावर लिहा, कारण असं उत्तर देणाऱ्याला साचा कळलेला असतो.