चिबी चित्रातलं पात्र ओळखायचं कसं: आधी केस, मग रंग

सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये कीचेन आणि स्टिकर पाहताना एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "हाऊ कोन शे?" चित्र असतं बोटभर. डोकं मोठं, डोळे टपोरे, नाक गायब, हातपाय नावापुरते. अशा चित्रांना चिबी म्हणतात. हा जपानी शब्द आहे आणि त्याचा अर्थ बुटका, चिमुकला असा होतो. मूळ अॅनिमेमध्ये, म्हणजे जपानी कार्टून मालिकेत, पात्राची उंची साधारण सहा-सात डोक्यांइतकी असते, चिबीत ती दोन ते तीन डोक्यांवर येते. म्हणजे चार सेंटिमीटरच्या कीचेनमध्ये जवळजवळ दोन सेंटिमीटर नुसतं डोकंच असतं.

ओळखीची किल्ली या मापातच आहे. चेहरा सगळ्या चिबींचा जवळपास सारखा असतो. कपड्यांवरची नक्षी छपाईत मावत नाही. उरतात केस, कारण चित्राची निम्मी जागा त्यांनी व्यापलेली असते, आणि उरतात रंगांचे दोन-तीन मोठे पट्टे. त्यामुळे डोळे किंवा चेहरा पाहून नाव सांगायला गेलं की हमखास चुकतं.

पहिली पायरी: केसांची बाह्यरेषा वेगळी काढा

चित्रावर अंगठा असा ठेवा की चेहरा आणि कपडे झाकले जातील, फक्त केसांची कड दिसेल. डोळे किलकिले करून पाहिलं तरी चालतं, बारीक रेषा पुसट होतात आणि आकार उरतो. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे चित्रावर बटर पेपर ठेवून केसांची बाहेरची कड गिरवायची आणि आतला भाग पेन्सिलीने काळा करायचा. पाच मिनिटं लागतात, पण या काळ्या छायेत पात्र रंगीत चित्रापेक्षा लवकर ओळखू येतं.

आता ही छाया चार जागी पाहा. माथ्यावर केस उभे आहेत, चपटे आहेत, की एखादी बट शेंडीसारखी वर आली आहे? कपाळावर झिपऱ्या सरळ कापलेल्या आहेत, मधोमध भांग आहे, की केस एका डोळ्यावर आलेत? कानशिलांवरून बटा हनुवटीपर्यंत उतरतात का? आणि मागे काय आहे: काटे, वेणी, अंबाडा, की मोकळे लांब केस?

चिबी काढणारा चित्रकार काट्यांची संख्या बिनदिक्कत कमी करतो. मूळ पात्राच्या डोक्यावर बारा टोकं असली तर चिबीत पाच उरतात. म्हणून टोकं मोजू नका, ती कोणत्या दिशेला जातात ते पाहा. दिशा चित्रकार सहसा बदलत नाही, कारण ती बदलली तर पात्र त्याचं त्यालाच ओळखू येणार नाही. ड्रॅगन बॉल मालिकेतल्या व्हेजिटाचे केस ज्योतीसारखे सरळ वर जातात आणि कपाळावर मध्ये टोक येतं. नारुतो मालिकेतल्या काकाशीचे केस एका बाजूला झुकतात. त्याच मालिकेतल्या सासुकेचे मागच्या बाजूला उसळतात. हात्सुने मिकू या आभासी गायिकेच्या दोन लांबलचक शेंड्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी निघून पायांपर्यंत येतात, आणि कीचेन कितीही लहान असलं तरी त्या कोणी गाळत नाही.

दुसरी पायरी: रंग एकटा नाही, जोडीने आणि जागेसकट वाचा

"पिवळ्या केसांचा" एवढ्यावर काहीच ठरत नाही, पिवळ्या केसांची पात्रं पोत्याने सापडतील. रंग वाचायचा तो असा: केसांचा कोणता, अंगावर सगळ्यात मोठा पट्टा कोणता, आणि तिसरा रंग नेमका कुठे लागला आहे. डीमन स्लेयर मालिकेतल्या तांजिरोचे केस काळपट तांबडे, अंगावर हिरव्या-काळ्या चौकड्यांचं वस्त्र. त्याच्या बहिणीचे, नेझुकोचे केस काळे, टोकांना केशरी होत जाणारे, किमोनो गुलाबी आणि तोंडात हिरवा बांबू. यातला "टोकांना" हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण काळ्या केसांची पात्रं असंख्य असली तरी काळ्या केसांना केशरी टोकं फारच थोड्यांना असतात.

नक्षीचंही असंच. चिबीत चौकड्या मोठ्या आणि मोजक्या होतात, तांजिरोच्या वस्त्रावर कधीकधी सहा-सातच चौकोन उरतात. ते कमी दिसतात म्हणून हे वेगळं पात्र असेल असं समजू नये.

आपल्याकडे रंगांचा एक वेगळाच घोळ होतो, आणि तो उन्हाचा आहे. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि दुकानाच्या दाराशी टांगलेलं स्टिकरचं पान दिवसभर ऊन खातं. स्वस्त छपाईतली पिवळी आणि गुलाबी शाई लवकर उडते, निळी जास्त टिकते. म्हणून केशरी फिकट पडतं, हिरवं निळ्याकडे झुकतं, जांभळं निळंच दिसायला लागतं. जुन्या पोस्टरवरची माणसं निळसर दिसतात ती याच कारणाने. पान उन्हात होतं का, हे चित्रातल्या त्वचेवरून कळतं. चेहराही पांढुरका-निळसर झाला असेल तर बाकीच्या रंगांवर विश्वास ठेवू नका, फक्त गडद कुठे आणि फिकट कुठे एवढंच धरा.

संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली उलटं होतं. जुजुत्सु कायसेनमधल्या गोजोचे किंवा हंटर एक्स हंटरमधल्या किलुआचे पांढरे केस पिवळसर दिसतात आणि भलतंच नाव तोंडात येतं. अशा वेळी चित्रातल्या डोळ्यांमधला पांढरा ठिपका पाहा. चिबीच्या टपोऱ्या डोळ्यांत तो जवळपास नेहमीच असतो. केसांचा रंग आणि त्या ठिपक्याचा रंग एकच वाटला तर केस पांढरे आहेत. गोजोच्या डोळ्यांवर पट्टी असेल तेव्हा मात्र ठिपका मिळणार नाही, तिथे चित्राभोवतीची पांढरी कड उपयोगी पडते.

तिसरी पायरी: एक खूण पक्की करून घ्या

केस आणि रंग जुळले की नाव अर्धं ठरलं. आता अशी एक खूण शोधा जी त्याच पात्राला आहे आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्याला नाही. हे नीट समजायला एक अवघड चित्र घेऊ.

चार सेंटिमीटरचं अॅक्रेलिक कीचेन आहे. केस पिवळे, काटेरी. कपडे केशरी. कुठेतरी निळा रंग. बहुतेक जण क्षणात "नारुतो" म्हणतील, आणि पुष्कळदा ते बरोबरही असेल. पण ड्रॅगन बॉलमधल्या गोकूचेही, तो सुपर सायन या ताकदवान रूपात असताना, केस पिवळे आणि काटेरीच असतात, कपडे केशरी आणि निळेच असतात. रंगांची जोडी दोघांची सारखी, म्हणून दुसरी पायरी इथे अडते आणि परत केसांकडे यावं लागतं.

नारुतोचे काटे आखूड असतात आणि डोक्याभोवती सगळीकडे पसरतात. कपाळावर सहसा पट्टी असते, तिच्यावर धातूची पाटी, त्यामुळे केस आणि चेहरा यांच्यामध्ये एक आडवी गडद रेघ दिसते. गोकूचे काटे थोडे, जाड आणि लांब असतात. ते वर उसळतात आणि कपाळ बरंचसं मोकळं राहतं, एखाददुसरी बट खाली आलेली असते. बटर पेपरवरच्या छायेत हा फरक लगेच दिसतो.

छपाई फारच धूसर असेल तर हात पाहा. गोकूचा पोशाख बिनबाह्यांचा किंवा अगदी आखूड बाह्यांचा, म्हणजे दंड उघडे, मनगटाला निळी पट्टी. नारुतोच्या अंगात जॅकेट, म्हणजे हात मनगटापर्यंत झाकलेला. चिबीचा हात तीन-चार मिलिमीटरचा असला तरी त्यावर त्वचेचा रंग आहे की कापडाचा, हे कळतंच. मग गाल पाहा. नारुतोच्या प्रत्येक गालावर तीन रेघा असतात. त्या दोनच असल्या आणि जॅकेट काळं निघालं, तर तो नारुतोचा मुलगा बोरुतो. मात्र रेघा दिसल्या नाहीत म्हणून नारुतोला बाद करू नये, एवढ्या लहान छपाईत केसाइतकी बारीक रेघ आधी उडते. दिसलेली खूण पुरावा असते, न दिसलेली नसते.

याच चित्रात आणखी दोन नावं मनात येऊ शकतात. नारुतोचे वडील मिनातो, त्यांचेही केस पिवळे आणि काटेरी, पण त्यांच्या कानशिलांवरून लांब बटा चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना उतरतात आणि पांढऱ्या अंगरख्याच्या कडेला लाल ज्वाळा असतात. तांजिरोच्या मालिकेतल्या झेनित्सूच्या केसांना काटे नाहीतच. ते हनुवटीपर्यंत सरळ येतात, टोकांना केशरी होतात, आणि वस्त्रावर पांढरे त्रिकोण असतात.

आरशातलं चित्र

पारदर्शक कीचेन मागून पाहिलं की चित्र उलटं होतं, आणि स्टिकर छापणारेही कधी चित्र उलटवून छापतात. जिथे डाव्या-उजव्यावर ओळख टिकून आहे तिथे हे भोवतं. री:झिरो मालिकेतल्या रेम आणि राम या जुळ्या बहिणींची केशरचना तीच आहे. रेमचे केस निळे आणि तिच्या उजव्या डोळ्यावर आलेले, रामचे गुलाबी आणि डाव्या डोळ्यावर आलेले. डावं-उजवं पात्राचं धरायचं, पाहणाऱ्याचं नाही. चित्र उलटं छापलंय की नाही हे माहीत नसेल तर इथे रंगाचं ऐका. आणि गुलाबी उन्हात उडून पांढुरकं झालं असेल तरी हरकत नाही. निळा टिकतो, म्हणून केस साफ फिके पडले असतील तर ते रामचे असण्याची शक्यता जास्त.

पात्राने किमोनो घातला असेल तर उलटं चित्र पकडायची सोपी युक्ती आहे. किमोनोची डावी बाजू नेहमी उजवीवर येते, त्यामुळे समोरून गळ्यापाशी इंग्रजी लहान `y` सारखा आकार दिसतो. तो उलट्या दिशेला झुकलेला दिसला की चित्र आरशातलं आहे असं समजा आणि केसांचा झुकाव त्याप्रमाणे फिरवून वाचा.

केस झाकलेले असतील तेव्हा

चिबीला मांजराची किंवा सशाची टोपी घालायची चित्रकारांना भारी हौस असते. मग बाह्यरेषा टोपीची होते आणि पहिली पायरी निकामी ठरते. टोपीखालून दिसणाऱ्या झिपऱ्या आणि डोळ्यांचा रंग एवढंच हाती उरतं. तेवढ्यावरून एक नाव पक्कं करू नका, दोन-तीन शक्यता लिहून ठेवा. कपडे बदललेले असतील, म्हणजे पात्राला कुर्ता किंवा शाळेचा गणवेश घातला असेल, तर उलट सोपं जातं. कपड्यांचा रंग सोडून द्यायचा आणि केसांचंच ऐकायचं.

नाव सुचलं की इंटरनेटवर त्याच पात्राचं पूर्ण उंचीचं मूळ चित्र शोधा. नाव सुचतच नसेल तर दिसतं ते त्याच क्रमाने टाइप करा: केसांचा रंग, आकार, कपड्यांचा रंग, शेवटी खूण. उदाहरणार्थ:

```
chibi anime boy blonde spiky hair orange jacket headband
```

सापडलेल्या चित्रांशी माथा, कपाळ, कानशिलं आणि मागचे केस, असं एकेक ताडून पाहा. चारपैकी तीन जागा जुळल्या, शिवाय रंगांची जोडी जुळली, तर नाव धरायला हरकत नाही. एक-दोनच जुळत असतील आणि खूणही सापडत नसेल, तर ते पात्र कुठल्याच मालिकेतलं नसण्याची शक्यता मोठी. स्टिकरच्या पानांवर जागा भरायला चित्रकारांनी मनाने काढलेली पात्रंही पुष्कळ असतात, आणि त्यांना मूळ चित्रच नसतं.