तांदळातलं आर्सेनिक न्यूट्रॉनने मोजताना: भट्टीत किती तास, थंडाव्यात किती दिवस

किलोभर तांदळात ०.२ मिलिग्रॅम आर्सेनिक असेल, तर २०० मिलिग्रॅम पिठात ते भरतं जेमतेम ४० नॅनोग्रॅम. पीठ आम्लात न विरघळवता एवढंसं आर्सेनिक मोजायला न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषण वापरतात. नमुना अणुभट्टीत ठेवला की आर्सेनिक-७५चे काही अणू न्यूट्रॉन शोषून आर्सेनिक-७६ होतात. ते किरणोत्सारी असतं, दर २६.३ तासांनी निम्मं होतं आणि ५५९ केइव्ही ऊर्जेचे गॅमा किरण सोडतं. हे किरण मोजायचे. भट्टीचं काम अर्थातच अणुकेंद्रातले प्रशिक्षित लोकच करतात. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ध्रुव आणि अप्सरा-यू या संशोधन भट्ट्या आहेत.

नमुना बांधणे

तांदूळ सौम्य उष्णतेवर वाळवून अ‍ॅगेटच्या खलात दळा. पोलादी दळणयंत्रातून क्रोमियम, मँगनीज नमुन्यात उतरतात. त्याच पिठात पुढे तीही मोजायची असतील तर आकडे बिघडतात. २०० मिलिग्रॅम पीठ तोलून धुतलेल्या पॉलिथिनच्या कुपीत सीलबंद करा. सोबत तीन कुप्या हव्यात: १०० नॅनोग्रॅम आर्सेनिक गाळणकागदावर सुकवलेली प्रमाण कुपी, प्रमाणित तांदूळपिठाची एक, आणि एक रिकामी. चारही एकाच डब्यात, शेजारी शेजारी ठेवा. भट्टीत सगळीकडे न्यूट्रॉनचा मारा सारखा नसतो. कुप्या लांब पडल्या तर तुलनाच लंगडी होते.

भट्टीतला वेळ

निम्मं व्हायला लागणारा वेळ म्हणजे अर्धायू. एका अर्धायूइतका वेळ ठेवलं तर जास्तीत जास्त शक्य किरणोत्साराच्या निम्मा मिळतो, दोन अर्धायू ठेवलं तर पाऊण. त्यापुढे फार हाती लागत नाही. पण अर्ध्यापर्यंत जायची गरज असतेच असं नाही. सेकंदाला दर चौरस सेंटिमीटरवर १,००,००,००,००,००,००० न्यूट्रॉन, म्हणजे दहाचा तेरावा घात, एवढा मारा असेल तर ६ तासांत आपले ४० नॅनोग्रॅम सुमारे २,००० बेकरेलपर्यंत, म्हणजे सेकंदाला २,००० अणू फुटण्यापर्यंत, पोहोचतात. २४ तास ठेवलं तर आर्सेनिक तिपटीने वाढेल हे खरं. पण १४.३ दिवस अर्धायू असलेलं फॉस्फरस-३२ जवळजवळ चौपट होईल आणि पॉलिथिनही जास्त खराब होईल. मारा एवढा चांगला असताना माझी पसंती ६ तासांनाच.

थंडावा

थंडावा म्हणजे भट्टीतून काढल्यावर नको असलेला किरणोत्सार ओसरेपर्यंत थांबणं. खरी कसोटी इथे आहे. पिठात सोडियम आणि पोटॅशियम आर्सेनिकपेक्षा शेकडो ते हजारो पटींनी जास्त असतात. भट्टीतून बाहेर आल्या आल्या त्यांचाच गोंगाट एवढा असतो की ५५९ची शिखररेषा, म्हणजे त्या ऊर्जेच्या नोंदींचा उंचवटा, पार्श्वभूमीत बुडून जाते. सुदैवाने सोडियम-२४ची अर्धायू १५ तास आणि पोटॅशियम-४२ची साडेबारा, दोन्ही आर्सेनिकपेक्षा कमी. म्हणून थांबणं फायद्याचं.

तीन दिवसांनी आर्सेनिक १५ टक्के उरतं, सोडियम साडेतीन टक्के. पाच दिवसांनी आर्सेनिक ४ टक्के, सोडियम ०.४ टक्के. प्रमाण सुधारलं, पण आपला संकेतही साडेतीन पटींनी घटला. एक टक्का कार्यक्षमतेच्या जर्मेनियम शोधकावर तीन दिवसांनी तासाला साधारण पाच हजार नोंदी मिळतात, पाच दिवसांनी चौदाशेच्या आसपास. म्हणून तिसऱ्या दिवशी मोजायला बसा. शोधकाचा मृतकाळ, म्हणजे आधीची नोंद हाताळताना तो नवी घेऊ शकत नाही तो वेळ, दहा टक्क्यांच्या वर दिसला तर कुपी लांब सरकवा किंवा आणखी एक दिवस थांबा. कुपी सरकवलीत तर प्रमाण कुपीही त्याच अंतरावर मोजायची.

हा हिशेब मूलद्रव्यागणिक बदलतो. मँगनीज-५६ची अर्धायू २.६ तास, त्यामुळे ते काही मिनिटं मारा देऊन त्याच दिवशी मोजावं लागतं. झिंक-६५ची २४४ दिवस, तिथे आठवडे थांबलं तरी काही बिघडत नाही.

आकडा काढणे

समजा, १०० नॅनोग्रॅमच्या कुपीने तासात १२,००० नोंदी दिल्या. नमुना पाच तासांनंतर मोजला आणि तासात ४,२०० आल्या. पाच तासांत आर्सेनिक-७६ ८७.६ टक्क्यांवर येतं, म्हणून ४,२०० भागिले ०.८७६, म्हणजे सुमारे ४,८००. तेव्हा नमुन्यात ४० नॅनोग्रॅम, किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. ही दुरुस्ती विसरलात तर ३५ नॅनोग्रॅम येतील, आणि आकडा तोंडावर खोटा वाटणारही नाही. रिकाम्या कुपीत ५५९ला काही दिसलं तर तेही वजा करा.

शिखररेषा आर्सेनिकचीच का?

५५४ला ब्रोमिन-८२ आणि ५६४ला अँटिमनी-१२२ शेजारी बसलेले असतात. ब्रोमिन असेल तर ७७६लाही रेषा दिसते. शंका आली की तीच कुपी २६ तासांनी पुन्हा मोजा. नोंदी निम्म्या झाल्या तर आर्सेनिक. साठ टक्के उरल्या तर ब्रोमिनचा संशय, पंचाहत्तर टक्के उरल्या तर अँटिमनीचा. प्रमाणित पिठाचा आकडा दाखल्यातल्या मर्यादेत आला नाही, तर नमुन्याचा आकडाही देऊ नका.

एवढं करूनही मिळतं ते एकूण आर्सेनिक. विषारी असेंद्रिय किती आणि सौम्य सेंद्रिय किती, हे न्यूट्रॉनला कळत नाही; त्यासाठी आधी रासायनिक पद्धतीने दोन्ही वेगळी करावी लागतात.